डेमो लेक्चरचं आमंत्रण: ‘सर्व विषय, सर्व बोर्ड’ की ‘तीस कुठे गेले?’

शाळेचे विषय ऑनलाइन शिकवणाऱ्या माणसाला पालकांना मोफत डेमो लेक्चरला बोलवायचं असेल, तर ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एक म्हणजे आपण काय काय शिकवतो ते सगळं सांगायचं आणि ‘या, बघा’ म्हणायचं. दुसरा म्हणजे मुलांची एकच नेहमीची चूक पालकांसमोर ठेवायची आणि ‘ही चूक रविवारी आपण सोडवू’ म्हणायचं. मी आठवी ते दहावीचं गणित घेतो आणि दोन्ही तऱ्हेच्या स्क्रिप्ट वापरल्या आहेत. पहिली बरीच वर्षं चालवली, सध्या दुसरी चालवतोय. या जूनला नव्याने सुरुवात करणारे आणि ‘कुठली टाकू?’ विचारणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. झूमची लिंक कशी पाठवायची, रील कसं कापायचं वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालतो.

पहिल्या प्रकारची स्क्रिप्ट आत्ताही तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुठेतरी वर पडलेली असेल. माझी साधारण अशी होती:

> नमस्कार पालकहो! आपल्या पाल्याच्या उज्ज्वल यशासाठी घरबसल्या ऑनलाइन क्लास. इयत्ता 5 वी ते 10 वी. स्टेट बोर्ड व सीबीएसई. मराठी, सेमी व इंग्रजी माध्यम. गणित, विज्ञान, इंग्रजी. अनुभवी शिक्षक, वैयक्तिक लक्ष, दर आठवड्याला टेस्ट, नोट्स मोफत. येत्या रविवारी मोफत डेमो लेक्चर! मर्यादित जागा. आजच नाव नोंदवा.

दुसरी, जी आता वापरतो:

> आठवी-नववीच्या पालकांसाठी. आज रात्री मुलाला वहीत एवढंच लिहायला सांगा: (a + b)² म्हणजे किती? त्याने a² + b² लिहिलं, तर a च्या जागी 5 आणि b च्या जागी 3 घालायला सांगा. त्याच्या उत्तराप्रमाणे 25 + 9, म्हणजे 34. पण 5 आणि 3 मिळून 8 होतात आणि आठ आठे चौसष्ट. मग मधले 30 कुठे गेले? चुकलं तर रागावू नका, पुष्कळ मुलं हेच लिहितात. रविवारी सकाळी 10 ते 10:30 हे 30 मुलांकडूनच कागदावर शोधून घेणार आहे. फक्त आठवी-नववी, स्टेट बोर्ड, सेमी. वही, पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसवा. शेवटची दहा मिनिटं तुम्हीही बसा. डेमोला पैसे नाहीत. पुढे क्लास लावलात तर महिना 900 रुपये. यायचं असेल तर मुलाचं नाव आणि इयत्ता पाठवा.

पहिल्या स्क्रिप्टच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते आधी सांगतो. ती वाचायला सोपी आहे आणि कुणालाही पुढे पाठवता येते. शेजारच्या काकूंना बीजगणित आठवत नसलं तरी ‘आमच्या ओळखीचे सर आहेत, क्लास घेतात’ एवढं कळतं आणि त्या ती आपल्या भाचीच्या ग्रुपवर टाकतात. जून उजाडला की पालक तसेही क्लास शोधतच असतात. त्यांना आपली इयत्ता आणि आपलं बोर्ड यादीत दिसलं की पुरतं. चौकशीचे फोन पहिलीला जास्त येतात, हे मान्यच केलं पाहिजे. दुसरी स्क्रिप्ट पाठवल्यावर कधी कधी दिवसभर फोन इतका शांत असतो की मेसेज गेला का नाही ते दोनदा बघावं लागतं.

पण मला पहिली सोडायला लावली ती गोष्ट फोनच्या संख्येची नव्हती. ती रविवारी सकाळी लिंक उघडल्यावर समोर यायची.

पडद्यावर एका चौकोनात पाचवीतला मुलगा, त्याच्या मागे आई. दुसऱ्या चौकोनात कॅमेरा बंद ठेवून बसलेली दहावीची मुलगी. तिसऱ्यात सीबीएसईचा सातवीतला, चौथ्यात मराठी माध्यमाचा आठवीतला, आणि पाचव्यात नुसतेच बाबा, कारण मुलगा क्रिकेटला गेलेला. ‘सर, मी बघून घेतो, त्याला नंतर सांगतो.’ स्क्रिप्टमध्ये मीच सगळ्यांना बोलावलं होतं, सगळे आले होते. आता या सगळ्यांना मिळून अर्ध्या तासात शिकवायचं काय?

अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच मीही करायचो. अकराने गुणायची युक्ती. 43 गुणिले 11, मध्ये 4 आणि 3 ची बेरीज ठेवा, 473. पाचवीतल्याला गंमत वाटते, दहावीची मुलगी फोनवर दुसरं काहीतरी बघायला लागते आणि बाबा विचारतात, ‘हे शाळेत चालतं का?’ बरोबरच विचारतात. बीजगणिताकडे जावं तर सेमीच्या मुलापुढे ‘बैजिक राशी’ म्हटलं की तो गोंधळतो आणि मराठी माध्यमाच्या मुलापुढे ‘एक्सप्रेशन’ म्हटलं की तो. दोन्ही म्हणत बसलं की गणित बाजूला राहतं आणि आपण दुभाषे होतो.

मग उरलेला वेळ कशात जातो? आपण कसे शिकवतो ते सांगण्यात. टेस्ट कशा असतात, नोट्स कशा असतात, बॅच कधी. पालक आलेले असतात सर कसे शिकवतात ते बघायला, आणि बघून जातात ते सर कसे बोलतात. शेवटी ‘विचार करून कळवतो, सर’ असं म्हणून लिंक बंद होते. त्यात त्यांचं काही चुकत नाही. विचार करण्यासारखं त्यांना काही दिसलेलंच नसतं.

डेमो वाईट झाला की आपण डेमो सुधारायच्या मागे लागतो. नवा पेन टॅबलेट घेतो, चांगला माइक घेतो. माझ्या मते बिघाड त्याच्या आधीच्या मेसेजमध्येच झालेला असतो. ज्या स्क्रिप्टने कोण येणार ते ठरवलं नाही, तिच्या डेमोत काय शिकवायचं ते शिक्षकाला ठरवता येत नाही. कदाचित काही जणांना पाच इयत्ता एकत्र हाताळायचं कसब असेल, एकशिक्षकी शाळेत काम केलेल्यांना ते असतं हे मी पाहिलं आहे. मला ते ऑनलाइन जमलं नाही.

आता दुसऱ्या स्क्रिप्टकडे. तिच्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो चूक निवडण्यात. आणि इथे एक बारकी गोष्ट आहे. नुसतं ‘(5 + 3)² किती?’ असं विचारलं तर प्रश्न वाया जातो. मुलं आधी कंस सोडवतात, 8 म्हणतात, 64 लिहितात आणि पालक खूश होऊन झोपतात. चूक आकड्यात होत नाही, अक्षरात होते. a आणि b आले की कंसातली बेरीज करता येत नाही, मग मूल वर्गाचं चिन्ह दोघांना वाटून टाकतं आणि a² + b² लिहून मोकळं होतं. म्हणून आधी अक्षरात विचारायचं आणि मग त्याच उत्तरात आकडे घालायचे. 34 आणि 64 समोरासमोर आले की मुलालाच कळतं काहीतरी गडबड आहे, आणि ज्या पालकांना बीजगणिताचं काही आठवत नाही त्यांनाही कळतं. आठ आठे चौसष्ट तर सगळ्यांनाच येतं.

चूक निवडताना मी तीन गोष्टी बघतो. पालकाला उत्तर चूक आहे हे स्वतः पडताळता आलं पाहिजे. चूक बऱ्याच मुलांची असली पाहिजे, नाहीतर मेसेज वाया. आणि ती अर्ध्या तासात उलगडता आली पाहिजे, तीही मुलाच्या हाताने. तिसरी अट सगळ्यात अवघड आहे. शाब्दिक उदाहरणातून समीकरण मांडता न येणं हे दुखणं फार मोठं आणि फार पसरलेलं, पण ते अर्ध्या तासात दाखवता येत नाही. तिथे डेमो नुसता भाषण होतो.

(a + b)² मात्र या तिन्हीत बसतं. बालभारतीच्या पुस्तकात वर्गविस्तार सातवीतच येतो, आठवीत विस्तार सूत्रांचं स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे आठवी-नववीच्या मुलाने हे सूत्र आधी पाहिलेलं असतं. तरी a² + b² लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात, कारण 2ab हे त्यांच्या डोक्यात पाठ केलेलं शेपूट असतं. घाईत ते गळतं.

रविवारी नेमकं काय होतं तेही सांगतो, कारण स्क्रिप्टचं वचन तिथेच पाळायचं असतं. पहिली पाच मिनिटं माइक, नावं आणि ‘प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहून कॅमेऱ्याला दाखवा’. पुसायचं नाही. मग 8 सेंटिमीटर बाजूचा चौरस काढायला लावतो, म्हणून पट्टी आणायला सांगितलेली असते. वरच्या बाजूवर डावीकडून 5 सेंटिमीटरवर खूण, डाव्या बाजूवर वरून 5 वर खूण, आणि प्रत्येक खुणेपासून समोरच्या बाजूपर्यंत सरळ रेषा, चौरसाच्या बाजूंना समांतर. चौरसाचे चार तुकडे पडतात. प्रत्येकात क्षेत्रफळ लिहायचं. एका कोपऱ्यात 25 येतात, समोरच्या कोपऱ्यात 9. मुलाच्या वहीत आधीपासून असलेले 34 ते हेच. आणि उरलेले दोन आयत, प्रत्येकी 5 गुणिले 3, म्हणजे 15 आणि 15.

इथे मी बोलायचं थांबवतो. कुणीतरी म्हणतंच, ‘सर, हे दोन सारखेच आहेत.’ हेच ते हरवलेले 30. 2ab मधला 2 कुठून आला ते आता सांगावं लागत नाही. मग a आणि b परत ठेवायचे आणि सूत्र त्यांनीच लिहायचं. वेळ उरला तर 103² तोंडी करायला देतो: 100 आणि 3 चे तुकडे, 10000, 600 आणि 9, म्हणजे 10609. शेजारी कॅलक्युलेटर घेऊन बसलेले बाबा तो पडताळतात, आणि इथे पहिल्यांदा त्यांचा चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीत येतो.

शेवटची दहा मिनिटं पालकांची. पण सुरुवात मी करत नाही. मुलाला सांगतो, ‘आईला तुझं चित्र समजावून सांग.’ मूल सांगतं, अडखळत का होईना. त्यानंतर पालक जे प्रश्न विचारतात ते वेगळे असतात. दहावीत याचा उपयोग कुठे होतो, असं विचारतात. मग वर्गसमीकरणं पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवतात ते सांगता येतं. x² + 6x दिलं आहे, त्याला पूर्ण वर्ग करायला काय मिळवायचं? 6x म्हणजे ते दोन आयत, प्रत्येकी 3x, म्हणजे कोपऱ्यातला तुकडा 3 चा, मिळवायचे 9. चौरस पाहिलेल्या मुलाला हे दिसतं. न पाहिलेलं मूल ‘अर्धं करा, वर्ग करा’ एवढं पाठ करतं आणि परीक्षेत अर्धं करायचं विसरतं.

अर्धा तासच का, तर झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग 40 मिनिटांत संपते आणि पालक बोलत असताना ती बंद पडणं फार वाईट दिसतं. शिवाय पंचेचाळीस मिनिटं ओळख नसलेल्या सरांपुढे बसणं आठवीच्या मुलाला जड जातं.

दुसऱ्या स्क्रिप्टच्या मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. एक तर ती आलेल्या मुलाची चूक कायमची घालवत नाही. चौरस काढून गेलेलं मूल पंधरा दिवसांनी (2x + 3)² दिलं की 4x² + 9 लिहू शकतं, एखादं तर 2x² + 9 सुद्धा. (a − b)² ला a² − b² लिहिणं हा निराळाच आजार आहे, तो डेमोत मी उघडतच नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये ‘चूक कायमची दूर’ असं लिहू नका. ‘30 शोधून घेणार’ एवढंच लिहा, ते खरं असतं.

दुसरी अडचण घरातली. ‘चुकलं तर रागावू नका’ हे वाक्य आधी नव्हतं. एका आईने फोनवर सांगितलं की तुमच्या मेसेजमुळे आमच्याकडे रात्री चांगलंच वाजलं, याचे बाबा म्हणाले एवढी फी भरून हेही येत नाही. तेव्हापासून ते वाक्य आहे आणि ते कधी काढत नाही. मुलाला शिक्षा म्हणून डेमोला बसवलं तर ते कॅमेरा बंद ठेवतं आणि चौरस काढत नाही.

तिसरी, काही पालकांना वाटतं की सर फक्त हे एवढंच शिकवतात. ‘विज्ञान घेता का?’ हा प्रश्न येतो. त्याचं उत्तर मेसेजमध्ये कोंबायचा मोह होतो आणि तिथेच ती हळूहळू पहिली स्क्रिप्ट व्हायला लागते. मी ते उत्तर फोनवर देतो.

आणि ज्या घरात मूल 2ab बरोबर लिहितं, ते घर येत नाही. काही जण तसा मेसेजही करतात, ‘आमच्याला येतं, सर’. छानच आहे.

पाठवायच्या पद्धतीतही दोघींत फरक पडतो, थोडक्यात सांगतो. लांब मेसेज व्हॉट्सॲप दुमडून टाकतं आणि खाली ‘आणखी वाचा’ येतं. पहिल्या स्क्रिप्टच्या वरच्या भागात नमस्कार आणि उज्ज्वल यश, डेमोचा दिवस अगदी शेवटी. दुसरीत प्रश्न वरच असतो, त्यामुळे पालक ती उघडतो. ब्रॉडकास्ट लिस्टवर पाठवणार असाल तर तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो हे लक्षात ठेवा. नवीन पालकांसाठी ओळखीच्या दोन-तीन पालकांनाच ‘वर्गाच्या ग्रुपवर टाकाल का?’ म्हणून विनंती केलेली बरी. दुसरी स्क्रिप्ट बोलूनही चालते: फोन वहीवर धरायचा, हात लिहिताना दिसला पाहिजे, 34 लिहायचं, बाजूला 64 लिहायचं आणि थांबायचं. चेहरा दिसला नाही तरी चालतं. पहिली बोलून दाखवायला गेलं की ती रेडिओवरच्या जाहिरातीसारखी होते, निदान माझ्या तोंडात.

वेळेबद्दल दोन्ही स्क्रिप्टना एकच नियम. बऱ्याच घरांत झूमवर बसायचा फोन हा आईचा किंवा बाबांचा असतो आणि तो दिवसा त्यांच्याबरोबर कामावर जातो. आठवड्यातल्या दिवशी संध्याकाळी पाचला डेमो ठेवलात तर मूल घरी असतं, फोन नसतो. रविवार सकाळ किंवा इतर दिवशी रात्री आठ.

फी मेसेजमध्ये लिहावी का, यावर आमच्यात वाद आहेत. बरेच अनुभवी लोक म्हणतात, लिहू नका, आधी डेमो बघू द्या. त्यात तथ्य असेलही. पण पहिल्या स्क्रिप्टला येणारा पहिला प्रश्न ‘फी किती?’ हाच असतो, आणि त्याला ‘डेमोनंतर सांगतो’ असं उत्तर दिलं की पालक सावध होतो. दुसरीत मी आकडाच लिहून टाकतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांचा रविवार वाया जात नाही, आणि डेमोच्या शेवटच्या दहा मिनिटांत पैशाचं बोलणं निघत नाही. ते बोलणं नसलं की गणिताचं बोलणं होतं.

‘मर्यादित जागा’ या दोन शब्दांचा मात्र स्वतंत्र उल्लेख करायला हवा, कारण ते पहिल्या स्क्रिप्टमध्ये जवळजवळ आपोआप येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशाची हमी देणं, जागा थोड्याच उरल्याचा खोटा आव आणून पालकांना घाई करायला लावणं, विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय त्याचं नाव किंवा फोटो वापरणं, या गोष्टींना त्यात मनाई आहे. ती पन्नासहून अधिक विद्यार्थी असलेल्या कोचिंग सेंटरसाठी आहेत, घरून दहा-बारा मुलं घेणारा त्यात बसेलच असं नाही. तरी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातली व्याख्या लहान-मोठा असा भेद करत नाही. बारा जागा खरंच असतील तर ‘बारा मुलांची बॅच’ असं लिहा, ते माहिती म्हणून चालतं. झूमवर जागा मर्यादित आहेत असं म्हणणं पालकांनाही पटत नाही. गेल्या वर्षीच्या मुलांचे मार्क आणि फोटो टाकायचा मोह असेल तर आधी घरच्यांकडून लिहून घ्या. मी टाकत नाही.

मग पहिली स्क्रिप्ट अजिबात टाकूच नये का? तसं नाही म्हणणार. पहिली ते चौथीचे सगळे विषय एकत्र घेणाऱ्या ताई असतात, त्यांना ती बरी पडते. तिथे पालक एखादी चूक दुरुस्त करायला येत नाहीत, मूल रोज तासभर शांत बसून अभ्यास करेल का हे बघायला येतात. नवीन गावात गेलात, एकही पालक ओळखत नाही, तर सुरुवातीला ‘मी आहे’ एवढं कळवण्यासाठी पहिलीच लागते. फक्त तेव्हाही तिच्यातली इयत्तांची यादी तोडा. पाचवी ते सातवी एक डेमो, आठवी-नववी दुसरा, आणि माध्यम वेगळं लिहा. एवढं केलं तरी रविवारचा अर्धा गोंधळ कमी होतो.

गणिताशिवायचे विषय शिकवणारे म्हणतात, तुमचं ठीक आहे, आम्हाला अशी चूक कुठून मिळणार? विज्ञानात मिळते. मॅग्नेशियम ऑक्सिजनमध्ये जळतो त्याचं समीकरण मुलाला संतुलित करायला द्या. Mg + O₂ → MgO. उजवीकडे एक ऑक्सिजन कमी आहे हे मुलाला दिसतं, आणि ते शांतपणे MgO चं MgO₂ करतं. दोन्हीकडे मोजणी जुळते, मूल खूश. पण पदार्थच बदलला. पुढचे आकडे बदलायचे, खालचे नाही, 2Mg + O₂ → 2MgO. इथे पालकाला पडताळणं थोडं अवघड जातं. म्हणून मेसेजमध्ये पाण्याचं उदाहरण घ्या: मुलाने संतुलन करताना H₂O चं H₂O₂ केलं, म्हणजे पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं ते. हे पालकाला कळतं.

इंग्रजीत ‘ही डिड नॉट वेंट’ आहेच, डिडने भूतकाळ दाखवून झाल्यावर क्रियापद मूळ रूपात यायला हवं. इतिहास शिकवणाऱ्यांना मात्र माझ्याकडे नीट उत्तर नाही. तिथे चुका तपशिलाच्या असतात, आणि तपशील दुरुस्त करायला कुणी डेमोला येत नाही. उत्तर कसं लिहायचं यावर काहीतरी होऊ शकेल, पण ते मी करून पाहिलेलं नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. दुसरी स्क्रिप्ट निवडलीत तर ती गुरुवारी रात्री पाठवा, रविवारसाठी. शुक्रवार-शनिवार मिळून पालकाला प्रश्न विचारायला एक रात्र सापडते. मुलाचं नाव आणि इयत्ता पाठवणाऱ्यांना लगेच लिंक देऊ नका, आधी एवढंच विचारा: ‘वहीत काय लिहिलं त्याने?’ पुष्कळ जण वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. रविवारी लिंक उघडण्याआधी ते फोटो एकदा चाळले की कुणाचं a² + b² आहे, कुणी 2ab च्या जागी नुसतं ab लिहिलंय आणि कुणाला वर्ग म्हणजे दुप्पट वाटतंय ते कळतं. शेवटच्या प्रकारच्या मुलाला चौरसाआधी चौकटीचा कागद द्यावा लागतो, 3 चा वर्ग म्हणजे 3 ओळी आणि 3 रकाने हे मोजायला. त्यासाठी शनिवारीच त्याच्या आईला ‘चौकटीची वही असेल तर ती घेऊन बसवा’ असा मेसेज टाकायचा.